हाताला कळणारं नाव

मातीकामाचा स्टुडिओ काढणाऱ्याला नाव सुचत नाही, असं फारसं घडत नाही. उलट नावं भराभर सुचतात आणि सगळ्यांना साधारण तीच सुचतात. मृद्गंध, मृत्तिका, मृण्मयी, आकार, चाक. ती संपली की दुसरी खेप येते शांततेची: निवांत, विसावा, शांतिघट. या नावांत वाईट काही नाही. पण पहिल्या खेपेतली नावं मालाचं वर्णन करतात, दुसरीतली आश्वासन देतात, आणि हाताला नेमकं काय लागणार आहे हे दोन्हींतून कळत नाही. ‘विसावा’ लोणावळ्याच्या बंगल्यालाही चालतं आणि वृद्धाश्रमालाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात सहकारनगरातल्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये असा स्टुडिओ निघतोय. चार विजेची चाकं, एक लहान विजेची भट्टी, शनिवारी-रविवारी दोन-दोन तासांचे वर्ग. चालवणारी बाई बरीच वर्षं मातीत हात असलेली. येणारे कोण, तर बँकेतले, आयटीतले, एखाद्या निवृत्त शिक्षिका, आईबरोबर आलेला दहा वर्षांचा मुलगा. निम्म्यांची घरची भाषा मराठी, बाकीच्यांची हिंदी, तमिळ, बंगाली. बाईंना नाव हवंय ते स्पर्शाचं आणि शांत.

आधी त्या गॅरेजमध्ये काय घडतं ते बघायला हवं, कारण नाव तिथूनच निघणार. पहिल्या शनिवारी माणूस येतो, त्याला अर्धा किलोभर माती मिळते. ती मळायची, आतली हवा काढायची, गोळा करून फिरत्या चाकावर थापायचा. मग तो मध्यावर आणायचा. हा सगळ्यात छळणारा भाग. गोळा तसूभर जरी बाजूला असला तरी हात हेलकावे खातो, आणि बहुतेकांचा पहिला वर्ग यातच जातो. शांतता मिळेल म्हणून आलेला माणूस पहिला तासभर मातीशी भांडतच असतो. ती मध्यावर बसते तेव्हा मात्र हाताखाली काहीच हलत नाही, चाक फिरतंय हेसुद्धा जाणवत नाही. लोक पुन्हा येतात ते या क्षणासाठी.

त्यानंतरचं सगळं वाट पाहणं आहे. भांडं तारेनं कापून काढायचं, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवायचं. चामड्यासारखं घट्ट झालं की पुढच्या आठवड्यात त्याचा तळ तासायचा. मग ते पूर्ण वाळू द्यायचं, साडेनऊशे ते हजार अंशांच्या आसपास पहिली भाजणी, मग काचेचा लेप, आणि स्टोनवेअरची माती असेल तर बाराशे अंशांच्या वर दुसरी भाजणी. पहिल्या शनिवारी केलेला कप हातात पडायला तीन-चार आठवडे सहज लागतात. एवढ्या काळात तो दहा-बारा टक्के आक्रसलेलाही असतो, त्यामुळे अनेकांना तो आपला वाटतच नाही.

म्हणून शांततेचं आश्वासन नावात घालायला माझा विरोध आहे. ‘मनःशांती’ असं पाटीवर लिहिलं, की मध्यावर न येणारा प्रत्येक गोळा त्या पाटीला खोटं पाडतो. आजकाल वर्गाला ‘थेरपी’ म्हणण्याचीही पद्धत आहे. शिकवणारा त्या विषयातला प्रशिक्षित नसेल तर तो शब्द वापरूच नये. नाव शांत असावं, पण ते ऐकायला आणि उच्चारायला. त्यानं शांतता विकू नये.

मग स्पर्श आणि शांतता या दोन गोष्टी शब्दात येतात कुठून? स्पर्श क्रियापदातून येतो, असं माझं मत. ‘माती’ म्हटलं की समोर एक वस्तू येते. ‘मळणं’, ‘थापणं’, ‘लिंपणं’, ‘वळणं’ म्हटलं की बोटं हलल्यासारखी वाटतात. मराठीत या कामाची क्रियापदं भरपूर आहेत, आणि शहरातल्या स्टुडिओंनी ती फारशी उचललेली नाहीत. आपल्या एका प्रसिद्ध संतकथेचा सगळा भार तर मातीकामाच्या एका हत्यारावर आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं, जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थापटी मारली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मडक्याची भिंत बाहेरून थापटण्यानं ठोकत, आतून दुसरा हात टेकवत पातळ करायची, ही जुनी रीत. ‘थापटणं’ या नावात स्पर्श पुरेपूर आहे. शांतता किती आहे ते नामदेवांना विचारावं लागेल.

शांतता बरीचशी आवाजातून येते. यावर मानसशास्त्रात जुना अभ्यास आहे. वोल्फगांग क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२९मध्ये दोन आकृत्या मांडल्या, एक गोलसर, एक टोकदार, आणि विचारलं की यातली ‘बालुमा’ कोणती नि ‘ताकेते’ कोणती. या शब्दांना अर्थच नव्हता, तरी गोल आकृतीला लोक ‘बालुमा’ म्हणाले. २००१मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी हाच खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी मांडला आणि तो जगभर गाजला. पुढे २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पंचवीस भाषा बोलणाऱ्यांना हे शब्द ऐकवले, तेव्हा सरासरी ७२ टक्के लोकांनी अपेक्षित जोडी लावली. म्हणजे हा कल खरा आहे, पण तो नियम नाही.

मराठीत हे लगेच पडताळता येतं. म, न, ण, ल, ळ, व या अक्षरांत श्वास कुठे आपटत नाही, तो वाहत राहतो. क, ट, च, प यांत तो अडतो आणि सुटतो. ‘टिचकी’ आणि ‘ओंजळ’ लागोपाठ म्हणून पाहा. पण आवाजावर सगळं सोपवूनही चालत नाही. ‘मलूल’ या शब्दात एकही कठोर वर्ण नाही, आणि ‘मळमळ’ तर बालुमाची सख्खी बहीण शोभेल. दोन्ही नावं स्टुडिओला देऊन बघा.

आता यादी चाळायला घेऊ. ‘मृद्गंध’ आधी जातं. ते विंदा करंदीकरांच्या कवितासंग्रहाचं नाव आहे हे एक. दुसरं म्हणजे तो वास आहे, स्पर्श नव्हे, आणि तोही पहिल्या पावसाचा. शिवाय त्यातलं जोडाक्षर प्रत्येक पाटी रंगवणारा वेगळं काढतो. ‘मृण्मयी’ सुंदर आहे, पण फोनवर ते मुलीचं नाव वाटतं आणि रोमन लिपीत त्याची चार स्पेलिंगं होतात. ‘चाक’मधला च आपण दातांजवळ उच्चारतो. रोमन लिपीत ते वाचणारा अमराठी माणूस ‘चहा’तला च लावतो आणि शब्दच बदलतो. ‘बोळकं’ मला फार आवडलं होतं. लहान, गोल, घरगुती. पण मराठी माणसाला बोळकं म्हटलं की दात पडलेलं तोंड आठवतं, आणि निवृत्त शिक्षिकांना आपण त्याच नावाच्या वर्गाला बोलावणार आहोत.

‘कुंभारवाडा’ मी वेगळ्या कारणानं वगळीन. कुंभारवाडे खरोखरचे आहेत, धारावीत आहे, पुण्यात कसब्यात कुंभारवेस आहे, आणि तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या गणपती, माठ आणि पणत्या करून पोट भरलं आहे. शनिवार-रविवारच्या हौशी वर्गानं ते नाव स्वतःच्या दारावर लावणं मला उसनं घेतल्यासारखं वाटतं. तिथला एखादा कारागीर स्वतःचा वर्ग काढेल, तेव्हा त्यानं ते खुशाल लावावं.

चाळणीत शेवटी तीन नावं उरतात: ओलावा, हातवळण आणि वळण.

‘ओलावा’ पहिल्या फेरीत जिंकतं. आवाज पूर्ण मऊ, जोडाक्षर नाही, रोमन लिपीत Olava एवढं सोपं. मातीचा ओलेपणा आणि नात्यातला जिव्हाळा दोन्ही त्यात आहेत, आणि वर्गाला जमणाऱ्या लोकांच्या बाबतीत दुसरा अर्थही खोटा नाही. मग अडचणी दिसू लागतात. फोनवर ‘ओलावा’ सांगितलं की समोरच्याला टॅक्सीचं ॲप ऐकू येतं. जुन्या बंगल्याच्या गॅरेजवर ‘ओलावा’ वाचून शेजारी वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर मागतील, हा विनोद सोडून देऊ. पण मातीकाम करणाऱ्याच्या दृष्टीनं एक गंभीर गोष्ट आहे. भट्टीत ओलावा हा शत्रू असतो. भांडं नीट वाळलेलं नसेल तर आतलं पाणी शंभर अंशांला वाफ होतं, वाफेला बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि भांडं फुटतं. फुटताना शेजारच्यांचीही भांडी घेऊन जातं. म्हणूनच जाणता माणूस भट्टीत ठेवण्यापूर्वी भांडं गालाला लावून बघतो. गार लागलं तर अजून ओल आहे. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. पण चालवणाऱ्या बाईंना दर भाजणीला आपल्या पाटीचा धसका बसणार असेल, तर ते नाव त्यांचं नव्हे.

‘हातवळण’ मागच्या दारानं आलं. हातवळणीचे मोदक आपण म्हणतोच. त्यात हात आहे, वळणं आहे, आणि साच्यातून न काढल्याची खूण आहे. मातीला हे फार जवळचं. चाकाशिवाय भांडं करण्याची जगभरची जुनी रीत म्हणजे मातीच्या लांब वळ्या करायच्या आणि एकावर एक चढवत भिंत उभी करायची. लहान मुलांचा वर्ग बहुतेक याच रीतीनं सुरू होतो, कारण चाकावर त्यांचा जोर पुरत नाही. या नावाला दोष दोन. रोमन लिपीत Hatvalan लिहिलं की वाचणारा आधी इंग्रजी टोपी घालतो. Haatvalan लिहिलं तर दिल्लीकडच्या माणसाला आठवडी बाजार आठवतो. दौंड तालुक्यात या नावाचं गावही आहे, म्हणजे नकाशावर स्टुडिओ शोधणारा पुण्याहून बराच लांब जाऊ शकतो.

‘वळण’ ही त्यातलीच छाटलेली फांदी. व, ळ, ण. तिन्ही वर्ण वाहते, आणि ळ म्हणताना जीभ स्वतःच मागे वळते. म्हणजे हा शब्द उच्चारण्याची क्रियाच त्याच्या अर्थाजवळ जाते. आपण लाडू वळतो, दोरी वळतो, शेवया वळतो, दुपारी बसून कापसाच्या वाती वळतो. या सगळ्यांत बोटं सावकाश चालतात आणि डोकं मोकळं असतं. शांततेचा शब्द न वापरता शांतता आली ती इथून. दोष यालाही आहेतच. हमरस्त्यावर ‘पुढे धोकादायक वळण’ असतं. ‘मुलांना वळण लावणं’ असतं, त्यामुळे एखादा बाप संस्कारवर्ग समजून चौकशी करील. आणि अमराठी माणूस ‘वलन’ म्हणणार. हा शेवटचा दोष मी पत्करीन. ळ नसलेल्या भाषेतला माणूस दोन रविवारांत तो म्हणायला शिकतो, आणि शिकताना वर्गात हशा होतो.

नावाची पुढची परीक्षा पाटीवर. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात २०२२मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही नामफलक मराठीत, देवनागरीत लावावा लागतो. मराठी अक्षरं आधी यावी लागतात आणि ती इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे ‘द क्ले नूक’ असं इंग्रजी नाव घेतलं, तर ते देवनागरीतच ठळक लागणार, आणि मग ते कसं दिसतं हे आधी कागदावर लिहून बघितलेलं बरं. तीन अक्षरी, काना-मात्रा नसलेलं ‘वळण’ रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतं.

त्याहून कठीण परीक्षा भांड्याच्या तळावर होते, आणि नाव ठरवताना ती हटकून विसरली जाते. स्टुडिओत झालेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला, माती चामड्याइतकी घट्ट असताना, शिक्का मारतात. शिक्का साधारण दीड सेंटिमीटरचा. भाजल्यावर तो आक्रसून तेराएक मिलिमीटर उरतो. एवढ्याशा जागेत ‘मृद्गंध’मधल्या जोडाक्षराचा चिखल होतो आणि बारीक उकार-वेलांट्या मातीत बुजतात. ‘वळण’ कसंबसं मावतं. त्याहून चांगलं म्हणजे नुसता ‘ळ’. दोन गोल पोटं, मध्ये दांडी, कुठेही टोक नाही. शिक्का कोरताना अक्षर उलटं कोरायचं असतं, आणि ळ उलटा कोरूनही हात फारसा चुकत नाही. ज्या लिपीत हे अक्षर नाही तिथल्या माणसालाही ते चित्र म्हणून लक्षात राहतं.

शेवटी कायद्याकडे. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९प्रमाणे केवळ वस्तूचं किंवा सेवेचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवता येत नाही. ‘माती’, ‘पॉटरी क्लास’, ‘टेराकोटा’ ही नावं पाटीवर लावायला कुणी अडवत नाही, पण उद्या पलीकडच्या गल्लीत कुणी तीच लावली तर तुमच्या हातात काही नसतं. कलम ११ दुसऱ्या बाजूनं अडवतं: आधी नोंदवलेल्या नावाशी घोटाळा होण्याजोगं साम्य असेल तर नोंदणी नाकारली जाऊ शकते. ipindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर शोध घेता येतो. तिथे नुसता Wordmark शोधून थांबू नये, Phonetic हा पर्यायही वापरावा, आणि Valan, Walan, Vallan अशी सगळी रूपं टाकावीत. कारण साम्य स्पेलिंगचं नव्हे, कानाचंही धरतात.

शोध कुठल्या वर्गात घ्यायचा हे महत्त्वाचं. शिकवणं वर्ग ४१मध्ये येतं, मातीची आणि चिनी मातीची भांडी वर्ग २१मध्ये. आपल्या स्टुडिओचं उत्पन्न मुख्यतः शिकवण्यातून येणार असल्यानं ४१ आधी. पुढे भांडी विकायची असतील तर २१ही घ्यावा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गाला साडेचार हजार रुपये शुल्क पडतं. अर्ज स्वीकारून नियतकालिकात प्रसिद्ध झाला की कुणालाही हरकत घ्यायला चार महिने मिळतात, आणि नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण.

इथे ‘हातवळण’ आणि ‘वळण’ यांतला फरक पुन्हा दिसतो. हातवळणीची भांडी म्हणजे हातानं केलेली भांडी, असा अर्थ परीक्षकानं लावला तर वर्ग २१मध्ये ‘हातवळण’ वर्णनात्मक ठरण्याची शक्यता आहे. ‘वळण’ भांड्याकडे बोट दाखवतं, पण सरळ वर्णन करत नाही. अशा सूचक नावांची बाजू जास्त भक्कम असते. उलट ‘वळण’ हा रोजचा शब्द असल्यानं वर्ग ४१मध्ये एखाद्या शिकवणीनं किंवा हस्ताक्षरवर्गानं तो आधीच घेतलेला असण्याची भीती अधिक. तसं निघालं तर बाईंनी हट्ट धरू नये. ‘हातवळण’ घ्यावं आणि त्यासोबत ळचं चिन्ह जोडून अर्ज करावा. चिन्हासकट नोंदणीनं नुसत्या शब्दावर तितका हक्क मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवून. आणि हे सगळं पाटी रंगवण्याआधी, शिक्का कोरण्याआधी. पितळी शिक्का दुसऱ्यांदा करून घेता येतो. भाजून विकलेल्या दोनशे कपांच्या बुडावरचं नाव बदलता येत नाही.

नावानं सगळं सांगावं ही अपेक्षा सोडली की उरलेलं काम सोपं होतं. ‘वळण’च्या खाली लहान अक्षरांत एक ओळ पुरते: मातीकामाचे वर्ग, शनिवार-रविवार. पत्ता शोधणाऱ्याला आणि मोबाइलवर चाळणाऱ्याला हवी ती माहिती ती ओळ देते. कप चार आठवड्यांनी मिळेल, तो थोडा लहान होईल आणि भट्टीत फुटलाच तर त्या दिवसाचे पैसे परत मिळणार नाहीत, हे सगळं फीच्या पावतीवर छापावं, स्पष्ट मराठीत.